आधी लक्ष्य ठरवा, मग यंत्र

मुंबईत पहाटे तयार झालेली पेट स्कॅनच्या औषधाची कुपी चार तासांचा रस्ता कापून नाशिकच्या अंबडपर्यंत आली, तर तिच्यातले तीन चतुर्थांशांहून अधिक औषध वाटेतच संपलेले असते. ते सांडलेले नसते, कुणी काढून घेतलेले नसते. कुपीतल्या द्रवाचा एक थेंबही कमी झालेला नसतो. कमी झालेली असते ती त्यातली किरणोत्सारी ताकद, कारण औषधात बांधलेल्या फ्लोरिन-18 या मूलद्रव्याचे अर्धायुष्य अवघे 110 मिनिटांचे आहे. दर 110 मिनिटांनी उरलेल्यातले निम्मे जाते. कसाऱ्याच्या घाटात ट्रक बंद पडला म्हणून हे घड्याळ थांबत नाही.

मग उपाय सरळ वाटतो. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एक सायक्लोट्रॉन बसवावा आणि नाशिकचे औषध नाशिकातच बनवावे. जागा आहे, वीज आहे, तंत्रज्ञ माणसे आहेत. अशी चर्चा कोणत्याही शहरात सुरू झाली की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: यंत्र किती शक्तीचे घ्यायचे? आणि उत्तरही ठरलेले असते: परवडेल तेवढे मोठे. हे उत्तर चुकीचे आहे. सायक्लोट्रॉनच्या बाबतीत आधी ठरवायचे असते ते लक्ष्य, म्हणजे प्रोटॉनचा मारा कशावर करायचा तो पदार्थ. लक्ष्य ठरले की माऱ्याची ऊर्जा आपोआप ठरते आणि ऊर्जा ठरली की यंत्र. हा क्रम उलटा केला तर सार्वजनिक पैशातून घेतलेले यंत्र रुग्णाच्या उपयोगाचे राहत नाही.

पाणी एक, औषधे दोन

सायक्लोट्रॉनचे काम थोडक्यात असे. हायड्रोजनचे विद्युतभारित कण एका मोठ्या चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये गोल फिरवले जातात. प्रत्येक फेरीत त्यांना विद्युत क्षेत्राचा धक्का मिळतो, वेग वाढतो आणि वर्तुळ मोठे होत जाते. कडेला पोहोचल्यावर कार्बनच्या अतिशय पातळ पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन खरवडले जातात आणि उरलेला प्रोटॉनचा झोत लक्ष्यावर आदळतो. भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन 2002 साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला. त्याच्या झोताची ऊर्जा 16.5 मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट. पुढे या एककाला नुसते ‘एमईव्ही’ म्हणू.

या झोतापुढे ठेवायचे काय? फ्लोरिन-18 हवे असेल तर पाणी. मात्र नळाचे नाही. निसर्गातल्या ऑक्सिजनमध्ये ऑक्सिजन-18 हा जड प्रकार जेमतेम 0.2 टक्के असतो. वेगळे करून त्याचे प्रमाण 97-98 टक्क्यांपर्यंत वाढवलेले पाणी विकत मिळते आणि ते महाग असते. त्यातले अवघे दोन-चार मिलिलिटर एका धातूच्या छोट्या कुपीत भरतात. प्रोटॉन ऑक्सिजन-18 च्या केंद्रकात शिरतो, एक न्यूट्रॉन बाहेर फेकला जातो आणि मागे फ्लोरिन-18 उरते.

आता हेच यंत्र, हीच ऊर्जा ठेवून कुपीत साधे शुद्ध पाणी भरले तर? तेव्हा झोतापुढे जवळजवळ सगळा ऑक्सिजन-16 असतो. त्याच्या केंद्रकात शिरलेला प्रोटॉन एक अल्फा कण बाहेर काढतो आणि तयार होते नायट्रोजन-13. पाण्यात अगदी थोडे इथेनॉल घातलेले असेल तर ते अमोनियाच्या रूपात हाती येते. हा नायट्रोजन-13 अमोनिया हृदयाच्या स्नायूंना रक्त कुठे पोहोचते आणि कुठे पोहोचत नाही हे दाखवण्यासाठी वापरतात. म्हणजे पाण्याची बाटली बदलली आणि कर्करोगाचे औषध जाऊन हृदयाचे औषध आले. यंत्राने काहीच बदलले नाही. लक्ष्य आधी ठरवा असे म्हणण्याचे कारण हे आहे.

ऊर्जेचा हिशेबही इथेच दिसतो. ऑक्सिजन-18 पासून फ्लोरिन होण्यासाठी प्रोटॉनकडे किमान अडीच एमईव्हीच्या थोडी वर ऊर्जा लागते आणि ही क्रिया घडण्याची शक्यता पाच एमईव्हीच्या आसपास सर्वांत जास्त असते. मग पाचचेच यंत्र का घेत नाहीत? कारण प्रोटॉन पाण्यात शिरल्यावर क्षणोक्षणी हळू होत जातो. 16.5 एमईव्हीचा प्रोटॉन पाण्यात सुमारे तीन मिलिमीटर जाऊन थांबतो. या तीन मिलिमीटरच्या प्रवासात तो सोळापासून शून्यापर्यंतच्या सगळ्या ऊर्जांतून उतरतो आणि वाटेत फायद्याचा टप्पा पूर्ण वापरला जातो. सुरुवात पाचपासून केली तर वाट इतकी आखूड होते की फार थोडे केंद्रक भेटतात. उलट वीस-पंचवीसपासून सुरुवात केली तर फ्लोरिन थोडे वाढते, पण नको असलेल्या इतर क्रिया आणि न्यूट्रॉन त्याहून जास्त वाढतात आणि ते अडवणाऱ्या काँक्रीटच्या भिंती जाड कराव्या लागतात. म्हणून फ्लोरिनसाठी जगभर 11 ते 18 एमईव्हीची यंत्रे वापरली जातात. ही काटकसर नाही, हा त्या केंद्रकाचा स्वभाव आहे. अंबडमधला कोणताही अनुभवी लेथ कारागीर पितळ आणि स्टेनलेस स्टील एकाच वेगाने कापत नाही. मोटर जास्त फिरते म्हणून काम चांगले होते असेही तो मानत नाही.

तीन मिलिलिटरमध्ये एक किलोवॉट

मारा करताना खरी अडचण केंद्रकाची नसते, उष्णतेची असते. 16.5 एमईव्हीचा आणि 60 मायक्रोअँपिअरचा झोत म्हणजे सुमारे एक किलोवॉट. घरातल्या पाणी तापवायच्या रॉडएवढी ही शक्ती तीन मिलिलिटर पाण्यात ओतली जाते. तेवढे पाणी उघड्यावर असते तर एका सेकंदाच्या आत उकळले असते. म्हणून कुपीच्या मागून गार पाणी फिरवतात आणि आतला दाब वाढवून पाण्याचा उत्कलनबिंदू वर नेतात. झोत ज्या खिडकीतून आत येतो ती कोबाल्टच्या मजबूत मिश्रधातूची, केसापेक्षाही पातळ पत्र्याची असते. तिच्यावरून हेलियम वायूचा झोत सोडून तिला गार ठेवतात.

बिघाड होतो तो इथेच. झोत जास्त दिला किंवा पाणी कमी भरले की कुपीत बुडबुडे वाढतात. बुडबुड्यांमुळे झोताच्या वाटेतले पाणी विरळ होते, काही प्रोटॉन काहीही न करता मागच्या भिंतीवर आदळतात आणि फ्लोरिन कमी तयार होते. चालवणाऱ्याला हे कळते ते दाबमापकावरून. दाब नेहमीच्या पातळीपेक्षा वर सरकू लागला तर पाणी जास्त उकळते आहे. दाब एकदम पडला तर खिडकीचा पत्रा फाटला आहे, झोत ताबडतोब थांबला पाहिजे आणि त्या सकाळचे सगळे रुग्ण रद्द झाले आहेत. शेवटी मिळालेले फ्लोरिन हिशेबापेक्षा सतत कमी भरत असेल तर पत्रा, पाण्याची शुद्धता किंवा झोताचा नेम यांपैकी काहीतरी बिघडलेले असते.

मारा जास्त वेळ चालवून ही तूट भरून काढता येईल असे वाटते, पण तिथेही मर्यादा आहे. फ्लोरिन तयार होत असतानाच विझतही असते. जास्तीत जास्त जेवढे साठू शकते त्याच्या 31 टक्के पहिल्या तासात साठते. दोन तासांत 53 टक्के होते आणि चार तासांनंतरही 78 टक्केच. वेळ चौपट केला, माल अडीचपट झाला. म्हणून दोन-अडीच तासांनंतर सहसा मारा थांबवतात आणि पाणी नळीतून शिशाच्या जाड भिंतींच्या कपाटात ढकलतात.

तिथे फ्लोरिन एका छोट्या राळेच्या गाळणीवर अडकते आणि महाग पाणी पुढे निघून वेगळे जमा होते. मग फ्लोरिन सोडवून, कोरडे करून, ग्लुकोजसारख्या एका रेणूला जोडतात. तयार होणाऱ्या औषधाला एफडीजी म्हणतात. कर्करोगाच्या पेशी साखर आधाशीपणे ओढतात, म्हणून ही खूण केलेली साखर त्यांच्यात साठते आणि पेट स्कॅनमध्ये ती जागा उजळ दिसते. या रासायनिक कामाला अर्धा तास लागतो.

त्यानंतर तपासणी. औषध किरणोत्सारी आहे हे पुरेसे नाही, ते योग्य किरणोत्सारी आहे का हे पाहावे लागते. त्यासाठीची सर्वांत सोपी चाचणी म्हणजे थोड्या थोड्या वेळाने ताकद मोजून अर्धायुष्य काढणे. ते 105 ते 115 मिनिटांच्या आत आले पाहिजे. त्याहून बरेच कमी आले तर नमुन्यात नायट्रोजन-13 शिरले आहे. जड पाण्यात साधे पाणी मिसळले गेले होते की काय, असा संशय मग घेता येतो. एकदा वापरलेले पाणी पुरेसे शुद्ध न करता पुन्हा वापरण्याचा मोह होतो, त्याची चुगली ही चाचणी करते. निर्जंतुकतेच्या चाचणीचा निकाल यायला मात्र चौदा दिवस लागतात. तोवर औषध कधीच संपलेले असते. म्हणून गाळणी अखंड होती का, जंतूंचे विषारी अंश आहेत का हे तातडीने तपासून औषध सोडावे लागते. जिथे अंतिम निकाल नेहमी रुग्णाला सुई टोचल्यानंतरच येतो, तिथे रोजच्या कामाची शिस्त हीच खरी तपासणी असते.

एका तासाची किंमत: एक रुग्ण

आता अंबडचा हिशेब मांडू. उदाहरणादाखल धरा की अंबडच्या एका केंद्रात चार रुग्ण आहेत. सकाळी 10, 10.40, 11.20 आणि 12 अशा वेळा दिल्या आहेत. प्रत्येकाला टोचताना 8 मिलिक्युरी हवे. एकूण 32 मिलिक्युरी, असे वरवर वाटते. पण शेवटचा रुग्ण बारा वाजता येणार, तोपर्यंत कुपी विझतच असणार. त्याच्यासाठी दहा वाजता 17 मिलिक्युरी राखून ठेवावे लागतात. चौघांची अशी बेरीज केली की दहा वाजता कुपीत सुमारे 49 मिलिक्युरी हवे. ही कुपी मुंबईतून सहाला निघाली असेल तर निघताना तिच्यात सुमारे 220 मिलिक्युरी असले पाहिजे. चौघांच्या शरीरात जाणाऱ्या 32 साठी 220 बनवायचे आणि 220 चे पैसे मोजायचे.

समजा गाडी तासभर उशिरा, अकराला पोहोचली. कुपीत आता 33 मिलिक्युरी आहे. सगळ्यांच्या वेळा एक तास पुढे ढकलल्या. पहिला रुग्ण झाला, दुसरा झाला, तिसऱ्यालाही कसेबसे पुरले. चौथ्यासाठी उरले तेव्हा कुपीत एका मिलिक्युरीच्या आसपासच होते. तो माणूस रात्रीपासून उपाशी आहे, कदाचित पेठ किंवा सुरगाण्याहून आला आहे, सोबत आलेल्याची मजुरी बुडली आहे. त्याला सांगितले जाते, परवा या. औषध महाग असण्यापेक्षा हा खर्च मोठा आहे आणि तो कुठल्याही बिलावर दिसत नाही.

या हिशेबातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की फ्लोरिन-18 नाशिकपर्यंत आणता येते. चार तासांनी 22 टक्के उरते, ते कमी आहे, पण शून्य नाही. 2025 च्या जूनमध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला. त्यामुळे प्रवासातला एक तास वाचला, तर पोहोचणारे औषध 22 वरून 32 टक्क्यांवर जाते. म्हणजे जवळपास दीडपट. रस्त्यावरचा एक तास हा यंत्राच्या शक्तीपेक्षा मोठा लाभ देऊन जातो.

दुसरी गोष्ट अशी की नियोजनात ‘किती मिलिक्युरी’ याला अर्थ नाही, ‘किती वाजता किती मिलिक्युरी’ यालाच अर्थ आहे. मागणीपत्रात वेळ नसेल तर आकडा निरर्थक आहे. शेवटच्या वेळेला कुणाला ठेवायचे हाही वैद्यकीय निर्णय आहे. दूरच्या गावाहून आलेला रुग्ण यादीत शेवटी ठेवला तर उशिराचा फटका नेमका त्यालाच बसतो. त्याला पहिली वेळ द्यावी आणि जो नाशिकमध्येच राहतो त्याला शेवटची. याला एक रुपयाही लागत नाही.

जास्त ऊर्जा नडते तेव्हा

‘मोठे यंत्र घेतले तर पुढे उपयोगी पडेल’ हा युक्तिवाद तपासण्यासाठी गॅलियम-68 पाहू. प्रोस्टेटचा कर्करोग आणि काही संप्रेरकग्रंथींच्या गाठी शोधण्यासाठी ते वापरतात. अर्धायुष्य 68 मिनिटे. सायक्लोट्रॉनमध्ये ते बनवायचे तर लक्ष्य म्हणून जस्त लागते, तेही जस्त-68 चे प्रमाण खूप वाढवलेले. ते आम्लात विरघळवून, पाण्यासारखेच कुपीत भरता येते. प्रोटॉन आत, एक न्यूट्रॉन बाहेर, गॅलियम-68 तयार.

पण प्रोटॉनची ऊर्जा सुमारे 12 एमईव्हीच्या वर गेली की त्याच जस्ताच्या केंद्रकातून एकाऐवजी दोन न्यूट्रॉन बाहेर पडू लागतात. मग जे बनते ते गॅलियम-67. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही गॅलियमच, त्यामुळे कोणत्याही गाळणीने ती वेगळी करता येत नाहीत. गॅलियम-67 चे अर्धायुष्य सव्वातीन दिवस आहे. ते पेट स्कॅनच्या चित्राला काही मदत करत नाही, रुग्णाच्या शरीरात मात्र दिवसचे दिवस रेंगाळते आणि विनाकारण किरणांची मात्रा देते. म्हणून 16.5 एमईव्हीच्या यंत्रावर गॅलियम बनवताना झोताच्या वाटेत मुद्दाम धातूचा पत्रा ठेवून त्याची ऊर्जा 13-14 च्या आसपास उतरवतात. घेतलेली शक्ती फेकून द्यावी लागते. अगदी 12 च्या खाली का नेत नाहीत? कारण मग गॅलियम-68 सुद्धा कमी मिळते. थोडी भेसळ पत्करून पुरेसे औषध मिळवायचे, असा हा तोल आहे.

हा तोल अंबडच्या रस्त्यावर कसा बिघडतो ते पाहा. युरोपच्या औषधकोशानुसार अशा गॅलियममध्ये गॅलियम-66 आणि 67 मिळून 2 टक्क्यांहून जास्त चालत नाहीत. समजा, मारा संपला तेव्हा भेसळ फक्त अर्धा टक्का होती. उत्तम माल. पण गॅलियम-68 झपाट्याने विझते आणि 67 जवळजवळ तसेच राहते. दोन तासांनी भेसळीचे प्रमाण 1.6 टक्क्यांपुढे जाते. अडीच तासांनी ते 2.2 टक्के होते, म्हणजे औषध नियमाबाहेर गेले. चार तासांनी अंबडला पोहोचेपर्यंत ते पाच टक्क्यांच्या पुढे असते. मुंबईत शुद्ध असलेले औषध नाशिकमध्ये अशुद्ध ठरते आणि वाटेत कुणीही त्यात काही मिसळलेले नसते. भेसळ तपासण्याचा मार्ग असा की नमुना दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायचा. तोवर गॅलियम-68 पूर्ण विझलेले असते आणि जे उरते त्याचे गॅमा किरण स्वतःची ओळख सांगतात. मात्र ही माहिती पुढच्या खेपेसाठी उपयोगी पडते, आजच्या रुग्णासाठी नाही. म्हणूनच ऊर्जा आधी, माऱ्यापूर्वीच, नेमकी ठरवावी लागते.

नाशिकसाठी गॅलियमचे उत्तर वेगळेच आहे. जर्मेनियम-68 भरलेला जनित्राचा छोटा नळकांडा मिळतो. जर्मेनियमचे अर्धायुष्य 271 दिवसांचे आहे आणि ते विझताना सतत गॅलियम-68 देत राहते. रुग्णालयातच ठेवायचा आणि लागेल तेव्हा आम्ल ओतून गॅलियम उतरवून घ्यायचे. काही तासांनी पुन्हा घेता येते. गॅलियम-67 चा प्रश्नच येत नाही. जर्मेनियम सोबत उतरते का, एवढे मात्र नियमित तपासावे लागते. दिवसाला दोन-तीन रुग्ण असलेल्या शहराला सायक्लोट्रॉनपेक्षा हा नळकांडा अधिक शहाणपणाचा आहे.

मोठी ऊर्जा नेहमीच वाईट असेही नाही. हृदयाच्या तपासणीत वापरले जाणारे थॅलियम-201 बनवताना थॅलियम-203 च्या केंद्रकातून तीन न्यूट्रॉन बाहेर काढावे लागतात आणि त्यासाठी 28-30 एमईव्ही लागतात. कोलकात्यातला सरकारी वैद्यकीय सायक्लोट्रॉन 30 एमईव्हीचा आहे तो अशा कामांसाठी. पण थॅलियम-201 चे अर्धायुष्य तीन दिवसांचे आहे. ते कोलकात्यात बनवून विमानाने देशभर पाठवता येते. ज्या समस्थानिकाला मोठे यंत्र लागते तो अनेकदा दूर प्रवास करू शकतो, मग त्यासाठी नाशिकला यंत्र कशाला?

मग अंबडला यंत्र हवे का?

उत्तर अर्धायुष्याच्या रांगेत आहे. थॅलियम दिवसांचे, ते कुठूनही येईल. फ्लोरिन दोन तासांच्या आतबाहेरचे, ते मुंबईहून येऊ शकते, नुकसान सोसून. गॅलियम तासाभराचे, त्यासाठी जनित्र आहे. राहते ते नायट्रोजन-13, अर्धायुष्य दहा मिनिटे. चार तासांच्या प्रवासात ते 24 वेळा निम्मे होईल, म्हणजे एक कोटी साठ लाखांहून अधिक भागांतला एक भाग उरेल. ते मुंबईहून नाशिकला आणणे अशक्य आहे. एकाच आवारात शेजारच्या खोलीत यंत्र असेल तरच रुग्णाला मिळेल. वीस मिनिटांचे कार्बन-11 त्याच गटात मोडते.

म्हणून अंबडमध्ये किंवा नाशिकमध्ये कुठेही सायक्लोट्रॉन बसवायचा विचार झाला तर पहिला प्रश्न असा विचारावा: हे यंत्र नायट्रोजन-13 बनवणार आहे का, आणि ते वापरणारा हृदयरोग विभाग त्याला लागून आहे का? उत्तर होय असेल तर 11 ते 18 एमईव्हीचे यंत्र पुरेसे आहे. साध्या पाण्याची एक कुपी आणि जड पाण्याची एक, अशी किमान दोन लक्ष्ये त्यावर असावीत. रोज सकाळी फ्लोरिन आणि दिवसभर हृदयाच्या रुग्णांसाठी थोडे थोडे अमोनिया, हा त्याचा खरा उपयोग. आणि त्यासाठी जागा औद्योगिक वसाहतीतली शेड नव्हे, रुग्णालयाचे आवार. अंबडच्या कारखान्यांच्या रांगेत बसवलेला सायक्लोट्रॉन फक्त फ्लोरिन बनवू शकेल, कारण तिथून सीबीएस किंवा पंचवटीपर्यंत गाडीने जाताना नायट्रोजन निम्म्याहून अधिक संपेल.

उत्तर नाही असेल, म्हणजे फक्त एफडीजी बनवायचे असेल, तर प्रश्न केवळ वाहतूक वाचवण्याचा उरतो. तो हिशेब रुग्णसंख्येवर ठरतो आणि त्यात यंत्राबरोबर येणारा सगळा खर्च धरावा लागतो: न्यूट्रॉन अडवणाऱ्या काँक्रीटच्या भिंती, शिशाची कपाटे, अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी, किरणसुरक्षा अधिकारी, औषधरसायनतज्ज्ञ आणि पहाटे तीनला कामावर येणारी माणसे. शिवाय एकच यंत्र असलेल्या शहरात खिडकीचा पत्रा फाटला की त्या दिवशी काहीच उरत नाही. आज मुंबईवर अवलंबून असण्याचा एक फायदा आहे, तिथे एक यंत्र बंद पडले तर दुसरीकडून मागवता येते. स्वतःचे यंत्र घेतले तरी हा मुंबईचा धागा तोडू नये, पर्यायी पुरवठ्याचा करार पहिल्या दिवसापासून असावा.

सरकारी पैसा यात येणार असेल तर निविदेच्या कागदात एमईव्हीचा आकडा सर्वांत वर लिहू नये. वर लिहावे ते समस्थानिकांचे नाव, प्रत्येकाचे लक्ष्य, रोजच्या रुग्णांची संख्या आणि टोचण्याची वेळ. त्याखाली ऊर्जा आपोआप येईल आणि ती बहुधा विक्रेता सुचवील त्यापेक्षा कमी असेल. आणि हे सगळे होईपर्यंत करण्यासारखे काम आजही आहे: मागणीपत्रावर वेळ लिहिणे, दूरच्या रुग्णाला पहिली वेळ देणे आणि कुपी पोहोचायला प्रत्यक्षात किती वाजले याची रोज नोंद ठेवणे. सहा महिन्यांच्या अशा नोंदी समोर ठेवल्या की नाशिकला यंत्र हवे की चांगला रस्ता, हे वाद न घालता दिसेल.